कोपर्निकसची उंची आणि आमचे २४ पॉईंट: आरएमएसई ४.०२ आलाय, सरळ बायस वजा करू का?

मलप्रभाकाठचा
मंडळी नमस्कार. खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठाला आमचं गाव. २०१९ च्या ऑगस्टात पाणी भातात शिरलं तेव्हापासून आम्हा चारपाच जणांच्या डोक्यात आहे की नदी किती चढली की कुणाच्या शेतात पाणी येतं याचा एक नकाशा करून पंचायतीत लावायचा. पैसे नाहीत म्हणून फुकटात मिळणारं कोपर्निकसचं ३० मीटरचं उंची मॉडेल उतरवून घेतलं. ते कितपत खरं आहे बघावं म्हणून मित्राचं आरटीके मशीन, म्हणजे सेंटिमीटरमध्ये जागा मोजणारं जीपीएस, दोन दिवस मागून आणलं, देवळाच्या कट्ट्यावर बेस ठेवला आणि गावभर फिरून २४ पॉईंट घेतले, सगळे मशीननं फिक्स म्हणजे पक्की जागा दाखवल्यावरच सेव्ह केलेत. मग क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक पॉईंटखालची मॉडेलची उंची काढली आणि हे चालवलं:

```python
e = dem - gps
bias = e.mean()
sd = e.std()
rmse = (e**2).mean()**0.5
```

बायस म्हणजे सरासरी चूक +३.१३ मीटर, एसडी म्हणजे चुकांचा पसारा २.५२, आणि आरएमएसई म्हणजे दोन्ही मिळून एकूण चूक ४.०२. म्हणजे मॉडेल सरासरी तीन मीटर वर दाखवतंय असं मला वाटतं. आता सगळ्या मॉडेलमधून ३.१३ वजा केलं तर चालेल का? की चार मीटरची चूक आहे म्हणून हे मॉडेल सोडूनच द्यायचं?

आकडेमोड
सोडायचं कशाला, बिनधास्त वजा कर. गणित सरळ आहे:

`RMSE² = bias² + SD²`

३.१३ चा वर्ग ९.८०, २.५२ चा वर्ग ६.३५, बेरीज १६.१५, मूळ काढलं की ४.०२, बरोबर तुझाच आकडा. बायस काढून टाकला की उरतो फक्त एसडी, म्हणजे आरएमएसई ४.०२ वरून २.५२ वर. एका ओळीत तुझं मॉडेल दीड मीटरनं सुधारलं. मी बेळगावात कंपनीत रोज हेच करतो, सेन्सर असू दे नाहीतर मॉडेल असू दे, एकाच बाजूला झुकलेली चूक सगळ्यात स्वस्तात निघते.

शेतमालक_चिकोडी
एक विचारू का, हे मशीन लावून बांधाची हद्द पण निघते काय? आमच्यात चुलत्यांबरोबर दोन गुंठ्यांवरून वाद चाललाय, सरकारी मोजणीला अर्ज टाकून वर्ष झालं.

निपाणीकर_सर्व्हे
चिकोडीचे दादा, मशीन तेच पण काम वेगळं. इथं उंचीचं चाललंय आणि ते पण ३० मीटरच्या चौकोनाचं, त्यात तुमचे दोन गुंठे म्हणजे पाव चौकोन पण होत नाही. हद्दीचं काम मोजणी खात्याकडूनच करून घ्या, ह्यानं निघणारी हद्द कुणी मानणार नाही.

आता मूळ प्रश्नाचं. थांब जरा, वजा करू नकोस. आकडेमोड यांचं गणित चोख आहे, पण त्यात एक गृहीत धरलंय की तीन मीटरचा फरक सगळीकडे सारखाच आहे. तो तसा आहे का हे तुझ्या २४ आकड्यांतच दडलंय, तू ते सगळे एका पोत्यात भरून सरासरी काढलीस म्हणून दिसत नाही. कुठला पॉईंट कशात घेतलास ते सांग. मोकळं रान, ऊस, झाडी असे तीन ढीग कर आणि प्रत्येकाचा बायस आणि एसडी वेगळा काढून टाक.

मलप्रभाकाठचा
केलं काका. भाताची मोकळी शेतं, शाळेचं मैदान आणि रस्ता मिळून १२ पॉईंट, बायस +१.५, एसडी ०.८. उसातले ७, बायस +३.०, एसडी १.२. काजूच्या बागा आणि जंगलाच्या कडेचे ५, बायस +७.२, एसडी २.०. झाडीत पोल झाडांमधल्या उघड्या जागेत धरला होता म्हणून फिक्स मिळाला.

निपाणीकर_सर्व्हे
बघ, आता चित्र उलगडायला लागलं. तुझा ३.१३ हा मॉडेलचा स्वभाव नाही, तो तुझ्या पॉईंटांच्या वाटणीतून आलेला आकडा आहे. १२ मोकळे, ७ उसाचे, ५ झाडीचे घेतलेस म्हणून ३.१३ आला. १५ झाडीत घेतले असतेस तर पाचच्या आसपास गेला असता, सगळे भातात घेतले असतेस तर दीड आला असता. मॉडेल तेच, जमीन तीच.

कारण साधं आहे. कोपर्निकस म्हणजे जर्मनीच्या टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या रडारवरून केलेलं मॉडेल, आणि त्या रडारची लहर तीनेक सेंटिमीटरची, ती झाडाच्या शेंड्यातून फारशी आत जात नाही. त्यामुळं काजूच्या बागेत त्याला दिसतो तो पानांचा वरचा थर, माती नाही. झाडांमधल्या मोकळ्या जागेत तू पोल धरलास तरी त्या ३० मीटरच्या चौकोनात बहुतेक झाडंच आहेत.

आता सगळीकडून ३.१३ वजा केल्यावर काय होतं ते मोकळ्या रानात बघ. तिथं मॉडेल १.५ वर होतं, ते आता १.६३ खाली गेलं. मोकळ्या पॉईंटांचा आरएमएसई आधी १.७० होता, वजा केल्यावर १.८१ झाला. म्हणजे एकूण आकडा ४.०२ वरून २.५२ वर छान उतरला, आणि ज्या भातशेतीसाठी नकाशा करतोयस तिथंच मॉडेल बिघडलं. पुराचं पाणी काजूच्या शेंड्यावर चढत नाही बाबा, ते भातात शिरतं.

आकडेमोड
हे मान्य, ढीग करायला पाहिजे होते, मी सगळे पॉईंट एकाच प्रकारचे धरले. मग ढिगानुसार वजा करू, मोकळ्यातून १.५, उसातून ३.०, झाडीतून ७.२. त्यानं तर सगळंच सुधारेल.

निपाणीकर_सर्व्हे
त्याच्याही आधी एक प्रश्न राहिलाय आणि तो मला पहिल्यापासून टोचतोय. मोकळ्या शाळेच्या मैदानावर कोपर्निकस दीड मीटर वर? एवढं सहसा येत नाही. मलप्रभाकाठच्या, देवळाच्या कट्ट्यावर बेस ठेवलास तेव्हा त्याची उंची मशीनला कुठून दिलीस? आणि मशीनमध्ये जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटीचा पाया, कुठला होता?

मलप्रभाकाठचा
जिऑइड ईजीएम-२००८ होता, कोपर्निकसचा पण तोच आहे हे बघून घेतलेलं. बेसला उंची दिली नाही काका, 'हिअर' बटण दाबलं, त्यानं स्वतःच जागा घेतली.

निपाणीकर_सर्व्हे
तिथंच घोळ आहे. 'हिअर' दाबलं की बेस त्या क्षणाला उपग्रहांवरून जी जागा समजते ती खरी धरतो, आणि त्यातली उंची एक दोन मीटर, कधी जास्तच चुकू शकते. रोव्हर, म्हणजे तू पोलवर घेऊन फिरलास तो भाग, मग बेसपासून सेंटिमीटरमध्ये मोजतो, त्यामुळं स्क्रीनवर फिक्स दिसतो, अचूकता दोन सेंटिमीटर दिसते, सगळं कसं झकास वाटतं. पण बेसच जर मीटरभर खाली बसला असेल तर २४ च्या २४ पॉईंट तेवढेच खाली बसले. आणि सगळे सारखेच सरकले म्हणून एसडीला पत्ता लागत नाही, तो २.५२ चा २.५२ च राहतो. चूक सगळी बायसमध्ये जाते आणि आपण ती मॉडेलच्या नावावर टाकतो. बायस मॉडेलचा की मोजणाऱ्याचा, हे बायसचा आकडा कधीच सांगत नाही.

उपाय आहे. त्याच कट्ट्यावर, त्याच खुणेवर मशीन परत ठेव, पाचसहा तास कच्चा डेटा नोंदवत राहू दे. ती फाईल रिनेक्स फॉरमॅटमध्ये बदलून ऑनलाईन पीपीपी सेवेला दे, ती एकट्या मशीनच्या डेटावरून नेमकी जागा काढून देते, किंवा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम चालू असणाऱ्या कॉर्स स्टेशनबरोबर प्रोसेस कर. काही सेंटिमीटरात एलिप्सॉइडची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासूनची, उंची मिळते. त्यावर ईजीएम-२००८ लाव आणि पहिल्या दिवशी बेसनं धरलेल्या उंचीशी ताडून बघ. अँटेनाची उंची कट्ट्यापासून टेपनं दोनदा मोज, तिथं लोक फसतात. कट्ट्यावर खूण केली होतीस ना?

मलप्रभाकाठचा
खिळ्यानं फुली मारलीय काका, आहे अजून. रविवारी जातो.

हुक्केरी_वाट
ह्याच्यावरून माझी गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रोजेक्टला मी घटप्रभेच्या बाजूला इस्रोचं कार्टोडेम हे उंची मॉडेल वापरलं होतं आणि माझा बायस आला उणे सत्तरच्या पुढं. मी रात्रभर रडायची बाकी होते, वाटलं सगळे पॉईंट वाया गेले. मग एका सिनिअरनं सांगितलं की कार्टोडेमची उंची एलिप्सॉइडवर असते आणि मी माझे पॉईंट समुद्रसपाटीवर आणून ठेवले होते. आपल्या भागात जिऑइड एलिप्सॉइडच्या कितीतरी खाली आहे म्हणून मॉडेल तेवढं खोल दिसत होतं. दोन्ही एकाच पायावर आणल्यावर बायस दोन मीटरच्या आत आला. गंमत म्हणजे एसडी तेव्हाही तेवढाच होता, आताही तेवढाच.

निपाणीकर_सर्व्हे
तुझं बरं झालं पोरी, सत्तर मीटरची चूक डोळ्यात भरते. एक मीटरची भरत नाही, म्हणून ती घातक.

शेतमालक_चिकोडी
मग आमच्याकडं ड्रोनवाल्यानं कॅनॉलसाठी उंचीचा नकाशा करून दिला त्यात पण असं असेल काय? त्यानं रिपोर्टात आरएमएसई ०.०४ लिहिलंय.

निपाणीकर_सर्व्हे
त्याला एवढंच विचारा दादा, की ते ०.०४ कुठल्या पॉईंटांवर काढलं. ज्या पॉईंटांना धरून नकाशा ताणून बसवला त्यांच्यावरच काढलं असेल तर तो आकडा फक्त बसवणी किती घट्ट झाली ते सांगतो. नकाशा करताना बाजूला ठेवलेले, त्याला न दाखवलेले पॉईंट वेगळे लागतात.

मलप्रभाकाठचा
मंडळी, झालं. साडेपाच तास बेस चालवला, पुजारीकाका मध्ये मध्ये येऊन विचारत होते काय करायलास रे, त्यांनी सावलीला छत्री दिली. पीपीपीचा निकाल आला आणि कट्टा पहिल्या दिवशी धरला होता त्याच्यापेक्षा १.२ मीटर वर निघाला. अँटेनाची उंची दोनदा मोजली, बरोबर आहे.

म्हणजे माझे सगळे पॉईंट १.२ नं उचलले. आता मोकळ्या रानाचा बायस +०.३, उसाचा +१.८, झाडीचा +६.०. एकूण बायस १.९३, एसडी तोच २.५२, आरएमएसई ३.१७. मोकळ्या रानातला आरएमएसई १.७० होता तो ०.८५ वर आला, आणि मी मॉडेलला हात पण लावला नाही. काका, मी पहिल्या दिवशी ३.१३ वजा केलं असतं तर भातशेती खऱ्यापेक्षा २.८ मीटर खाली बसली असती, अख्खं गाव पाण्यात दाखवलं असतं आम्ही पंचायतीत.

आकडेमोड
हे बघून मी पण गप्प झालो. पण मोकळ्या रानातला उरलेला ०.३ तरी आता काढायचा ना?

निपाणीकर_सर्व्हे
काढू नये असं माझं मत. १२ पॉईंट आहेत, एसडी ०.८. सरासरीची स्वतःची डळमळ म्हणजे ०.८ भागिले १२ चं वर्गमूळ, ०.२३ येते. दुप्पट धरली की ०.४६. म्हणजे खरा बायस शून्य असला तरी १२ पॉईंटांत ०.३ सहज दिसू शकतो. जो फरक आहे की नाही तेच ठाऊक नाही तो वजा करून काय मिळणार. पॉईंट वाढव. अमेरिकेच्या एएसपीआरएस या मोजणीवाल्यांच्या संस्थेच्या २०२३ च्या मानकात पण कमीत कमी ३० तपासणी पॉईंट मागितलेत, तुझे सगळे ढीग मिळून २४.

भातवाली
मी फक्त वाचत होते, सर्व्हेतलं मला काही कळत नाही, पण एक शंका आहे. उसाचं म्हणताय ते उपग्रहानं कधी बघितलं? आमच्या शिवारात आज जिथं ऊस आहे तिथं दहाबारा वर्षांपूर्वी भात होता, बोअर पडल्यावर लोकांनी ऊस लावला. आणि ऊस तर तुटतो पण. रडारला दिसला तेव्हा तो उभा होता का तोडलेला?

निपाणीकर_सर्व्हे
ताई, हा प्रश्न मी विचारायला पाहिजे होता. टॅनडेम-एक्सनं ही मोजणी डिसेंबर २०१० ते जानेवारी २०१५ या काळात केली, एकाच जागेवरून एकापेक्षा जास्त वेळा गेला आणि ते सगळं मिळून एक उंची झाली. म्हणजे ढीग करायचे ते आजच्या पिकावर नाही, तेव्हाच्या पिकावर. मलप्रभाकाठच्या, गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं उघड आणि म्हाताऱ्या माणसांना पण विचार.

मलप्रभाकाठचा
ताई तुम्ही बरोबर बोललात. आमच्या आज्जानं लगेच दोन शेतं सांगितली जिथं तेव्हा भातच होता, जुन्या चित्रात पण तसंच दिसतंय. माझ्या सात उसाच्या पॉईंटांपैकी त्याच दोघांची चूक सगळ्यात कमी होती, ०.२ आणि ०.४! मी त्यांना नशीब समजत होतो. ते मोकळ्या ढिगात टाकले तर मोकळे १४ झाले, बायस ०.३ च राहिला, आणि उरलेल्या पाच उसांचा बायस १.८ वरून २.४ वर गेला.

हुक्केरी_वाट
मग उसातून २.४ आणि झाडीतून ६ वजा करण्यापेक्षा फॅबडेम का नाही घेत? कोपर्निकसमधूनच जंगल आणि इमारती काढून केलेलं आहे, व्यापारी कामाला नसेल तर फुकट मिळतं.

आकडेमोड
त्यात ऊस काढलाय का पण? जंगल आणि घरं म्हणतायत. मला तर अजून वाटतं की ढिगानुसार वजा करणंच बरं, निदान काय केलं ते आपल्याला ठाऊक असतं.

निपाणीकर_सर्व्हे
दोन्ही करून बघायला हरकत नाही, पण पाच पॉईंटांवरून काढलेला २.४ हा ०.४ मीटरनं इकडंतिकडं होऊ शकतो, आणि ज्या पाचांवरून काढला त्याच पाचांवर तपासलं तर बायस शून्यच येणार, त्यात सिद्ध काही होत नाही. उसात नवे दहाबारा पॉईंट घे, अर्ध्यांवरून दुरुस्ती काढ, अर्ध्यांवर तपास. फॅबडेमला पण तेच नवे पॉईंट लाव, आणि मोकळ्या रानात ते बिघडलं नाही ना हे आधी बघ. मी स्वतः उसाच्या पट्ट्यात ते तपासलेलं नाही, त्यामुळं कौल देणार नाही.

आणखी एक, पॉईंट घेताना बांधावर पोल धरू नकोस. आपल्याकडं भाताच्या खाचरांना बांध कुठंकुठं मीटरभर उंच असतात, ३० मीटरच्या चौकोनात ते विरघळून जातात. खाचराच्या मध्यावर धर.

मलप्रभाकाठचा
काका बांधाचं बोललात त्यावरनं विचारतो. मोकळ्या रानातला आरएमएसई ०.८५, त्याला १.९६ नं गुणलं तर १.६७ येतो, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव जागी चूक एवढ्याच्या आत. आमच्याकडं पाणी भातात गुडघाभर की कमरेभर हाच प्रश्न असतो. मग या मॉडेलवर खोलीचा नकाशा होणारच नाही का?

निपाणीकर_सर्व्हे
गुडघाभर की कमरेभर हे होणार नाही, खरं ते सांगतो. कुठला पट्टा आधी बुडतो, कुठला वाडा कोरडा राहतो एवढं होईल, आणि नकाशावर पाण्याची रेघ न मारता दीड मीटर खालीवर धरून रुंद पट्टा रंगव. नदीकाठची जी एक दोन खाचरं पहिल्यांदा फुटतात तिथं डम्पी लेव्हल लावून देवळाच्या कट्ट्यापासून उंची आण. कट्ट्याची उंची आता तुझ्याकडं पक्की आहे.

आकडेमोड
पण पंचायतीत लोक रुंद पट्ट्याला काय म्हणतील? त्यांना माझं शेत आत की बाहेर एवढंच पाहिजे असतं.

भातवाली
२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं त्या खुणा घराघरांच्या भिंतींवर आहेत अजून. त्यांची पण उंची घ्या की लेव्हलनं, मॉडेल ती रेघ बरोबर दाखवतंय का ते कळेल.

मलप्रभाकाठचा
ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेच्या मागच्या भिंतीवर खूण आहे, तेलाच्या घाण्यावर पण आहे. डम्पी लेव्हल खानापुरात कुणाकडं मिळेल का दोन दिवस? स्टाफ धरायला माणसं आहेत आमच्याकडं.

निपाणीकर_सर्व्हे
माझी जुनी आहे, चालते अजून. आधी टू-पेग टेस्ट करून, म्हणजे ती सरळ बघते का ते तपासून देतो. पुढच्या शनिवारी बेळगावला येणार आहे, स्टँडवर येऊन घेऊन जा.